"शीर्षक फसवं आहे" अशी प्रेक्षकाची रास्त तक्रार आली आहे. उत्तर काय द्यावं, आणि शीर्षक-वर्णन नेमकं कसं बदलावं?

शर्वरी_लिहिते

माझ्या धाकट्या भावाचा युट्यूबवर एक छोटा चॅनल आहे. कॅमेरा, मेमरी कार्ड, हार्ड डिस्क असे त्याचे विषय. व्हिडिओ तो करतो, प्रेक्षकांना उत्तरं मी लिहिते. परवा एका व्हिडिओखाली ही प्रतिक्रिया आली:

"शीर्षकात लिहिलंय 'कोणतंही कार्ड'. माझं कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर दिसतच नाही. पूर्ण व्हिडिओ बघितला, सांगितलेलं सगळं डाउनलोड केलं, आणि सतराव्या मिनिटाला तुम्ही म्हणता की कार्ड दिसत नसेल तर हा उपाय नाही. मग शीर्षक असं का? लोकांचा वेळ घेण्यासाठी?"

व्हिडिओचं सध्याचं शीर्षक: "मेमरी कार्डमधले गेलेले सगळे फोटो परत मिळवा | कोणतंही कार्ड | १००% खात्रीशीर". व्हिडिओत प्रत्यक्षात काय आहे? चुकून फॉरमॅट झालेलं एक कार्ड घेतलंय आणि PhotoRec या मोफत प्रोग्रामने त्यातले फोटो शोधलेत. व्हिडिओ चांगला झालाय, काम नीट दाखवलंय. पण तक्रार शंभर टक्के खरी आहे.

मी लिहिलेला मसुदा असा: "आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद. गैरसोयीबद्दल क्षमस्व. लवकरच योग्य ती सुधारणा करू." वाचून मलाच ते पटलं नाही, म्हणून अजून पाठवलेलं नाही. ज्याचे फोटो अडकलेत त्याच्या हातात यातून काहीच पडत नाही. कसं लिहावं? आणि शीर्षक बदलल्याने व्हिडिओचं काही नुकसान होतं का?

आडवाटेचा_प्रवासी

ताई, शीर्षकाला हात लावू नका. जुन्या व्हिडिओचं शीर्षक बदललं की युट्यूब त्याला नवा समजून पुन्हा शून्यातून मोजायला लागतं. त्यापेक्षा व्हिडिओ काढून टाका आणि योग्य नावाने परत चढवा. मी माझ्या एका व्हिडिओचं नाव बदललं होतं, नंतरच्या आठवड्यात व्ह्यूज निम्म्यावर आले. स्वतः पाहिलंय.

निरंजन_प

प्रवासी, व्ह्यूज कमी झाले हे मान्य, पण कारण वेगळं आहे. शीर्षक बदलल्याने काहीच शून्यावर येत नाही. व्हिडिओची लिंक तीच राहते, व्ह्यूज, लाइक, प्रतिक्रिया सगळं जागेवर असतं. बदलतं ते एवढंच की शीर्षक वाचून किती लोक क्लिक करतात. मोठं आश्वासन काढलं की क्लिक कमी होऊ शकतात, त्यात नवल नाही. पण जे येतात ते थांबतात. म्हणून नुसते व्ह्यूज न बघता, बदलाच्या आधीचा आणि नंतरचा सरासरी पाहण्याचा वेळ शेजारी ठेवून बघायला हवा होता.

काढून परत चढवणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. जुनी लिंक ज्यांनी कुणाला पाठवली असेल ती मरते, प्रतिक्रिया जातात, आणि त्यासोबत ही तक्रारही जाते. तक्रार करणाऱ्याला वाटेल की आपण बोललो म्हणून व्हिडिओच गायब केला.

शर्वरीताई, स्टुडिओत त्या व्हिडिओचा प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख उघडा. माझा अंदाज आहे की सतराव्या मिनिटाला, जिथे ते वाक्य येतं, तिथे रेषा एकदम खाली येत असेल. तसं असेल तर एकाच माणसाची ही अडचण नाही. एकाने लिहिली, बाकीचे न बोलता निघून गेले.

शर्वरी_लिहिते

आत्ताच पाहिलं. सतराव्या मिनिटाला स्पष्ट उतार आहे. शिवाय पहिल्या अर्ध्या मिनिटातही बरेच जण जातात, ते का ते कळलं नाही.

मेघना_द

सुरुवातीला भाऊ काय बोलतो ते ऐकून बघा. शीर्षकातलं आश्वासन तो तोंडीही देत असेल, तर नुसतं शीर्षक बदलून भागणार नाही. आणि थंबनेलवर काय लिहिलंय? निम्मे लोक शीर्षक वाचतच नाहीत, चित्रावरची मोठी अक्षरं वाचतात.

शर्वरी_लिहिते

अगदी बरोबर पकडलंत. थंबनेलवर "कोणतंही कार्ड!" असं पिवळ्या अक्षरात आहे. आणि चौदाव्या सेकंदाला तो म्हणतो, "कार्ड कसंही गेलेलं असो, फोटो परत येणारच." आता हे कसं काढू? फाइल बदलता येते का?

निरंजन_प

चढवलेली फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. दोन गोष्टी करता येतात.

एक, स्टुडिओच्या Editor मध्ये मधला तुकडा कापता येतो. ते वाक्य तेवढंच उडवता येईल. पण वर्णनात तुम्ही भागांच्या वेळा दिल्या असतील तर कापल्यानंतर त्या सगळ्या काही सेकंदांनी सरकतात आणि हाताने दुरुस्त कराव्या लागतात. कापलेली आवृत्ती तयार व्हायला वेळही लागतो, तोवर जुनीच दिसत राहते.

दोन, वर्णनात दुरुस्तीची नोंद टाकायची. Corrections: हा शब्द इंग्रजीतच लिहायचा, तरच युट्यूबला तो ओळखता येतो. पुढचा मजकूर मराठीत चालतो. मग व्हिडिओ त्या वेळेला पोचला की कोपऱ्यात दुरुस्ती पाहण्यासाठीचं कार्ड येतं. भागांच्या वेळा दिल्या असतील तर ही नोंद त्यांच्या खाली हवी.

```
Corrections:
0:14 "कार्ड कसंही गेलेलं असो" हे बरोबर नाही. कार्ड कॉम्प्युटरला दिसत असेल तरच हा उपाय चालतो.
```

मी तुमच्या जागी असतो तर दुसरा मार्ग घेतला असता. काय चुकलं होतं आणि काय बरोबर आहे, दोन्ही बघणाऱ्याला कळतं.

मेघना_द

मला पहिला जास्त योग्य वाटतो. फोनवर बघणाऱ्यातले किती जण ते कोपऱ्यातलं कार्ड दाबतात? चुकीचं वाक्य कानावर पडतंच. ज्याचे लग्नाचे किंवा लहान बाळाचे फोटो अडकलेत तो चौदाव्या सेकंदाला ते वाक्य ऐकतो आणि पुढची सतरा मिनिटं आशेवर बसतो. ते वाक्य तिथे राहूच नये.

गोठण_वाट

माझंही अगदी असंच झालंय हो! माझं कार्ड लावलं की विंडोज म्हणतं:

```
You need to format the disk in drive E: before you can use it.
```

मी घाबरून तसंच बाहेर काढून ठेवलंय. कुठला प्रोग्राम वापरू? वर कुणीतरी PhotoRec म्हणालं, ते चालेल का? कृपया लवकर सांगा, आत ट्रेकचे सगळे फोटो आहेत.

आडवाटेचा_प्रवासी

गोठण, हा धागा शीर्षक बदलण्याबद्दल आहे. कार्डासाठी वेगळा धागा काढा.

निरंजन_प

राहू दे प्रवासी. हा प्रश्न विषयाबाहेरचा वाटतो, पण शीर्षक कसं असावं ते याच्यावरूनच ठरणार आहे.

गोठण, आधी हे: फॉरमॅट करायला हो म्हणू नका आणि त्या कार्डावर नवा एकही फोटो काढू नका. मग Disk Management उघडून बघा, कार्डाचा आकार बरोबर दिसतो का. ३२ जीबीचं कार्ड साधारण तेवढंच दिसत असेल, तर कार्ड जिवंत आहे, फक्त आतली नोंदवही बिघडली आहे. PhotoRec ती नोंदवही वाचतच नाही. ते थेट साठवलेल्या भागात फोटोच्या फाइलींची ओळखीची सुरुवात शोधत जातं, त्यामुळे तुमच्या बाबतीत प्रयत्न करण्यासारखा आहे. मिळालेले फोटो मात्र त्याच कार्डावर न ठेवता कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवा, नाहीतर जे शोधतोय त्याच्यावरच लिहिलं जाईल. आणि आकार शून्य दाखवत असेल किंवा No Media म्हणत असेल, तर कुठलाच प्रोग्राम आत पोचू शकत नाही.

आता शर्वरीताई, बघा. "कार्ड गेलं" असं म्हणणारी माणसं तीन वेगळ्या ठिकाणी उभी आहेत. एकाने चुकून फॉरमॅट केलंय किंवा फोटो पुसलेत. दुसऱ्याचं कार्ड दिसतं पण उघडत नाही, गोठण यांच्यासारखं. तिसऱ्याचं कार्ड दिसतच नाही, तुमच्या तक्रारदारासारखं. तिघंही शोधताना तेच शब्द टाइप करतात. शीर्षकाचं काम असं की तिसऱ्याला आत येण्याआधीच कळावं की हे त्याच्यासाठी नाही.

शर्वरी_लिहिते

हे फार उपयोगी पडलं. मी असं शीर्षक लिहिलंय:

"फॉरमॅट झालेल्या मेमरी कार्डातले फोटो PhotoRec ने कसे शोधायचे (कार्ड कॉम्प्युटरला दिसत असेल तरच)"

१०० अक्षरांच्या मर्यादेत कसंबसं बसलं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे दिसायला लहान वाक्यही पटकन भरतं.

मेघना_द

मजकूर खरा आहे, पण अट शेवटी कंसात गेली. फोनवरच्या यादीत लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं आणि नेमकी अटच नाहीशी होते. अट पुढे आणा.

आडवाटेचा_प्रवासी

मग असं करा: "कार्ड दिसतं पण फोटो दिसत नाहीत? PhotoRec ने असे शोधा". छोटं आहे आणि गोठण यांची अडचणही त्यात येते.

निरंजन_प

ऐकायला छान आहे, पण एक अडचण आहे. व्हिडिओत फक्त फॉरमॅट झालेलं कार्ड दाखवलंय. न उघडणाऱ्या कार्डावर काम केलेलं नाही. उपाय तिथेही चालण्यासारखा असला, तरी तो दाखवलेला नाही. तशा कार्डाचा माणूस आला की त्याला त्याच्या पडद्यावरची सूचना व्हिडिओत कुठेच सापडणार नाही, आणि उद्या दुसरी तक्रार येईल. एक फसवं शीर्षक दुरुस्त करताना दुसरं तयार करायला नको. व्हिडिओत जे हाताने करून दाखवलंय तेवढंच शीर्षकात. बाकीचं वर्णनात, "हे यात दाखवलेलं नाही" असं सांगून.

"सगळे" आणि "१००%" हे दोन्ही जायला हवेत. फॉरमॅटनंतर त्या कार्डावर नवे फोटो काढले असतील तर जुन्यांवर लिहिलं गेलेलं असतं, आणि तेवढे कधीच परत येत नाहीत.

शर्वरी_लिहिते

मग हे: "कार्ड कॉम्प्युटरला दिसतंय, पण फॉरमॅट झालं? PhotoRec ने फोटो असे शोधा". अट पहिल्या शब्दांतच आली.

वर्णनाच्या पहिल्या ओळी, कारण "अधिक" न दाबता तेवढ्याच दिसतात:

```
कार्ड लावल्यावर कॉम्प्युटरला दिसत नसेल, तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी नाही.
यात चुकून फॉरमॅट झालेल्या कार्डातले फोटो शोधले आहेत. फॉरमॅटनंतर नवे फोटो काढले असतील तर काही जुने परत मिळणार नाहीत.
कार्ड दिसतं पण उघडत नाही, अशा कार्डावर यात काम केलेलं नाही.
```

मेघना_द

उत्तम. "कोणासाठी नाही" हे सगळ्यांत वर ठेवलंत ते विशेष आवडलं. आता उत्तर. ते लिहिताना "सतराव्या मिनिटाला सांगितलंच होतं" हे मनात आलं तरी लिहू नका. त्याची तक्रारच ती आहे की सतराव्या मिनिटाला सांगितलं.

शर्वरी_लिहिते

नाही लिहिणार. हा नवा मसुदा:

"तुमचं म्हणणं बरोबर आहे. शीर्षकात 'कोणतंही कार्ड' म्हटलं आहे आणि व्हिडिओत फक्त फॉरमॅट झालेलं, कॉम्प्युटरला दिसणारं कार्ड घेतलं आहे. तुमच्या कार्डाला हा उपाय लागू पडत नाही आणि ते तुम्हाला सुरुवातीलाच कळायला हवं होतं. माफ करा. उद्या संध्याकाळपर्यंत शीर्षक, थंबनेल आणि वर्णन तिन्ही बदलू, आणि बदललं की इथेच पुन्हा लिहू. नवं शीर्षक असं असेल: 'कार्ड कॉम्प्युटरला दिसतंय, पण फॉरमॅट झालं? PhotoRec ने फोटो असे शोधा'. तुमच्या कार्डाबद्दल: एकदा दुसऱ्या कार्ड रीडरमध्ये लावून बघा, कारण कधीकधी रीडरच बिघडलेला असतो. तिथेही दिसलं नाही तर ते परत परत लावू नका. फोटो महत्त्वाचे असतील तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडे द्या."

निरंजन_प

हे पाठवा. काय चुकलं ते नेमकं सांगितलंय, काय बदलणार ते सांगितलंय, कधी ते सांगितलंय. "लवकरच" हा शब्द गेला हे फार बरं झालं, कारण "लवकरच" झालं की नाही हे कुणालाच तपासता येत नाही. रीडर बदलून बघण्याची सूचनाही योग्य.

दोन बारीक गोष्टी. बदल झाल्यावर हेच उत्तर संपादित करू नका, त्याखाली नवं उत्तर लिहा. संपादनाची सूचना त्यांना मिळेलच असं नाही. आणि भावाने शीर्षकाची इतर भाषांतली भाषांतरं घातली असतील तर ती वेगळी बदलावी लागतात. मराठी शीर्षक बदलून ती आपोआप बदलत नाहीत.

शर्वरी_लिहिते

हिंदी भाषांतर घातलेलं आहे! तिथे अजून "किसी भी कार्ड से" असंच आहे. हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

आडवाटेचा_प्रवासी

आता मलाही पटलंय की शीर्षक बदलायलाच हवं. शिवाय २०२४च्या डिसेंबरात युट्यूबने भारतासाठी जाहीर केलंच आहे की फसव्या शीर्षकांचे व्हिडिओ काढणार. म्हणजे उशीर केला तर चॅनलच जाईल.

निरंजन_प

जाहीर केलं होतं ते खरं, पण त्याचा रोख ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींवर होता. शीर्षकात किंवा थंबनेलवर मोठी बातमी आणि आत तिचा पत्ताच नाही, अशा प्रकारांवर. आणि सुरुवातीला चॅनलवर स्ट्राइक न देता नुसता व्हिडिओ काढू असंही म्हटलं होतं. दिशाभूल करणारं शीर्षक नियमात बसत नाहीच, पण या व्हिडिओपायी चॅनल जाईल अशी भीती घालू नका. शीर्षक बदलायचं ते त्या प्रेक्षकासाठी.

मेघना_द

एक प्रश्न राहिला. तक्रारीची प्रतिक्रिया वर पिन करायची का? एका वेळी एकच पिन करता येते. ती पिन केली तर येणाऱ्या प्रत्येकाला मूळ तक्रार आणि खाली तुमचं उत्तर दिसेल. मला हे प्रामाणिक वाटतं.

निरंजन_प

मी करणार नाही. चॅनलचे चाहते त्या माणसावर तुटून पडतात, असं मी दुसऱ्या चॅनलवर पाहिलंय. त्याने खरं सांगितलं आणि त्यालाच शिव्या बसल्या. त्यापेक्षा शर्वरीताईंनी स्वतःची एक प्रतिक्रिया लिहावी, "एका प्रेक्षकाच्या सूचनेवरून शीर्षक दुरुस्त केलं", आणि ती पिन करावी.

मेघना_द

पण मग तक्रार खाली बुडते आणि चॅनल स्वतःचं कौतुक करतोय असं दिसतं. माझं मत अजून तेच आहे. शर्वरीने त्या प्रेक्षकालाच विचारावं.

शर्वरी_लिहिते

विचारते. उत्तर पाठवलं आहे. शीर्षक, वर्णन आणि हिंदी भाषांतर आत्ताच बदललं, थंबनेल भाऊ उद्या करून देतोय. चौदाव्या सेकंदाचं वाक्य कापायचं ठरवलंय, मेघनाताईंचं पटलं. भागांच्या वेळा मी दुरुस्त करीन. कापलेली आवृत्ती दिसायला लागेपर्यंत Corrections: ची नोंद ठेवते, मग काढते.

गोठण_वाट

आकार बरोबर दिसला! PhotoRec चालवलं, recup_dir.1 नावाच्या फोल्डरमध्ये ढीगभर फोटो आले. निरंजन, मनापासून आभार. पण सगळ्यांची नावं f ने सुरू होणारे आकडे झालीत, माझी फोल्डरंही नाहीत, आणि काही फोटो अर्धे करडे आहेत. हे माझं काही चुकलं का?

निरंजन_प

तुमचं काही चुकलं नाही. नावं आणि फोल्डर त्या नोंदवहीत असतात आणि PhotoRec ती वाचत नाही, म्हणून ती परत येत नाहीत. फोटो काढल्याची तारीख मात्र बहुतेक वेळा फोटोच्या आतच असते, तिच्यावरून लावून घेता येतील. अर्धे करडे आलेत ते एक तर तुकड्यातुकड्यांत साठवलेले असतील किंवा त्यांच्या काही भागावर नंतर लिहिलं गेलं असेल.

शर्वरीताई, हेही वर्णनात घाला. "फोटो शोधा" वाचून माणूस आपली फोल्डरं जशीच्या तशी मिळतील असं समजतो.

शर्वरी_लिहिते

तिसऱ्या ओळीखाली घातलं: "फाइलींची जुनी नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. काही फोटो अर्धवट मिळू शकतात."